पुरानंतरचे लेप्टोस्पायरोसिस व कॉलरा आणि घरगुती प्रतिबंध

पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या आजारांपैकी लेप्टोस्पायरोसिस (बोलीत ‘लेप्टो’) आणि कॉलरा (पटकी) या दोन आजारांची गल्लत होऊ नये. कॉलऱ्याचा जंतू तोंडावाटे पोटात जातो, तर लेप्टोचा जंतू बहुधा कातडीतून शरीरात शिरतो. त्यामुळे उकळलेले पाणी पिणारा माणूसही गुडघाभर पाण्यातून चालत गेल्यास लेप्टोने आजारी पडू शकतो. दोन्हींच्या वेळाही वेगळ्या आहेत. दूषित पाणी पोटात गेल्यावर कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत उमटतो. लेप्टोचा ताप साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्याभरानेही येतो. तोवर पूर ओसरलेला असतो, घर आवरून झालेले असते आणि तापाचा पाण्याशी असलेला संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले, ते पुढच्या आठवड्यांत.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या मूत्रातून बाहेर पडतो. गुरे, डुकरे आणि कुत्रीही तो पसरवतात. पुरात बिळे बुडतात, उंदीर वर येतात आणि त्यांचे मूत्र साचलेल्या पाण्यात व चिखलात मिसळते. ओल्या मातीत हा जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो, पण कोरडेपणा, कडक ऊन आणि क्लोरिन त्याला सोसत नाहीत. ओरखडा, भेग किंवा चिखल्या ही त्याची शिरण्याची वाट. फार वेळ भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, तसेच डोळे, नाक आणि तोंड यांच्या नाजूक अस्तरातूनही तो आत जातो.

पाण्यात उतरावेच लागले तर गमबूट घालावेत. बुटात वरून पाणी शिरले तर ते ताबडतोब काढून ओतून टाकावे, नाहीतर पाय तासन्‌तास त्याच पाण्यात मुरतो आणि बुटाचा उपयोग उलटा होतो. घरी आल्याबरोबर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. घरातला गाळ हातमोजे व बूट घालून काढावा आणि नंतर दारे-खिडक्या उघडून जमीन खडखडीत वाळू द्यावी. लेप्टोच्या बाबतीत वाळवणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे, असे मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्यात सांगते. याचे कारण प्रतिबंधक गोळी. एकदाच पाण्यातून गेलेल्या आणि जखम नसलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देतात. पायाला जखम असेल किंवा वारंवार पाण्यात जावे लागत असेल, तर मात्रा वाढते. ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर व्रण करते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्टर वेगळे औषध देतात. म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी वाटून घेणे योग्य नाही.

लेप्टोची सुरुवात फ्लूसारखी होते : थंडी वाजून ताप, डोके दुखणे. वेगळेपण दोन खुणांत दिसते. पोटऱ्या इतक्या दुखतात की नुसता हात लावला तरी माणूस कळवळतो, आणि डोळे पू न येता लाल होतात. प्रत्येकात दोन्ही खुणा असतीलच असे नाही. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे ही रुग्णालय गाठण्याची वेळ आहे. पहिल्या आठवड्यात रक्तातली प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे त्यांची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तरी लेप्टो नाही असे ठरत नाही. मी पुराच्या पाण्यात गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या आधीच ताण असलेल्या मूत्रपिंडाला अपाय करतात.

कॉलऱ्याचा प्रतिबंध मात्र पाण्यात आहे. शहरात नळ ठरावीक वेळीच येतो. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो आणि गटारात बुडालेल्या फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचे पाणी वाहू द्यावे आणि पिण्याचे पाणी नंतर भरावे. एवढ्यानेच ते निर्धोक होत नाही. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवावे आणि झाकूनच निववावे. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे व कापडाने गाळावे, कारण गाळ क्लोरिन खाऊन टाकतो आणि औषध टाकूनही जंतू उरतात. क्लोरिनची गोळी किंवा द्रव टाकल्यावर अर्धा तास थांबावे. किती पाण्याला किती, हे पाकिटावर पाहावे, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात.

गावात विहीर बुडाली असेल तर शक्य तितके पाणी व गाळ उपसून मगच टीसीएल, म्हणजे क्लोरिन असलेली जंतुनाशक पावडर वापरावी. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग (९) गुणिले खोली (४) भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, अर्थात २८,००० लिटर पाणी. ३३ टक्के क्लोरिन असलेली ताजी पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ७० ग्रॅम लागते. बादलीत पावडरीची आधी थोड्या पाण्यात लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे चुना तळाशी बसू द्यावा. वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व दोराने वर-खाली हलवावी. चुना विहिरीत टाकू नये, पाणी जड होते. तासाभराने पाण्यात क्लोरिन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करावी. नमुन्याला लगेच पिवळी छटा आली आणि ती रंगपट्टीवर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन दाखवत असेल तर पाणी वापरावे. छटा आली नाही तर क्लोरिन घाणीतच संपला, असे समजून पुन्हा मात्रा द्यावी. पुरानंतर पहिल्या खेपेला बहुधा असेच होते. पोते उघडे राहिले की पावडरीचा जोर जातो, तेव्हा गेल्या वर्षीच्या उरलेल्या पावडरीवर हा हिशेब बसत नाही. ओटी टेस्टचे साहित्य ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते.

कॉलऱ्यात पोटात फारसे दुखत नाही आणि बहुधा तापही नसतो. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब धडाधड होतात. मृत्यू होतो तो अंगातले पाणी व क्षार संपून, कधी काही तासांतच. म्हणून पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी सुरू करावी. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर पाण्यात पूर्ण ओतावे. निम्मे पाकीट ग्लासभर पाण्यात घातले तर द्रावण फार खारट होऊन मुलांना धोका पोहोचतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट नको. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजावे. बाळाचे अंगावरचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसू लागली, लघवी थांबली किंवा माणूस ग्लानीत गेला तर शिरेतून सलाइन लागते. रुग्णालयात नेताना वाटेतही, शुद्धीवर असेपर्यंत, घोट-घोट पाजत राहावे.

आजाऱ्याच्या विष्ठेतूनच कॉलरा घरात पसरतो. जो माणूस घाण साफ करतो, त्यानेच नंतर साबणाने हात न धुता पाण्याच्या माठात ओगराळे घातले, तर उकळलेले पाणीही पुन्हा दूषित होते. माठाला तोटी बसवणे हा त्यावरचा साधा उपाय.