दांडा आधी, टोक नंतर: फोटोवरून ड्रिल बिट ओळखताना

धुळ्याच्या किंवा जळगावच्या हार्डवेअर दुकानदाराच्या मोबाइलवर रोज असे फोटो येतात: तळहातावर ठेवलेलं बिट, टोक कॅमेऱ्याकडे, मागचा भाग मुठीत लपलेला आणि खाली ओळ, ‘असंच पाहिजे, आहे का?’ दुकानदार उलट लिहितो, ‘भाऊ, मांगला दांडाना फोटू धाडा.’ त्याचं बरोबर आहे. टोकावरून बिट कशात चालेल ते कळतं, पण ते कोणत्या मशीनमध्ये बसेल हे दांडा सांगतो. टोक चुकलं तर भोक नीट पडत नाही. दांडा चुकला तर कामाला सुरुवातच होत नाही.

दांडा गुळगुळीत गोल असेल तर ते तीन जबड्यांच्या साध्या चकचं बिट. सहा पैलूंचा, पाव इंची असेल तर ते स्क्रू मारायच्या छोट्या मशीनमध्ये झटकन बसणारं. आणि दांड्याला लांब खाचा असतील तर ते हॅमर मशीनचं, म्हणजे एसडीएस बिट. खानदेशात घराचा पाया, चौथरा काळ्या दगडाचा आणि स्लॅबच्या काँक्रीटमधली खडीही त्याच दगडाची, त्यामुळे विचारणा बहुधा याच बिटाची असते. म्हणून तेच नीट पाहू.

एसडीएस प्लसचा दांडा 10 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर समोरासमोर दोन खाचा शेवटापर्यंत उघड्या असतात. त्यांच्या मधल्या बाजूंना दोन खळगे असतात, ते दोन्ही टोकांना बंद. उघड्या खाचांत मशीनच्या कडा अडकतात आणि बिट फिरवतात. बंद खळग्यात चकमधल्या पोलादी गोळ्या बसतात. त्या बिटाला बाहेर पडू देत नाहीत, पण थोडं मागेपुढे सरकू देतात. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे: आतला हातोडा फक्त बिटाच्या बुडावर ठोका देतो, अख्खी चक हलवत नाही. म्हणूनच हे बिट साध्या चकमध्ये घट्ट आवळून चालत नाही. जबडे खाचांवर नीट बसत नाहीत आणि बिट डुगडुगतं.

याचा मोठा भाऊ एसडीएस मॅक्स. त्याचा दांडा 18 मिलिमीटरचा आणि उघड्या खाचा तीन. फोटोत शेजारी काही नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात, कारण बाजूने एका वेळी एखाददुसरी खाचच दिसते. बुडाकडून समोरासमोर काढलेला एक फोटो हा घोळ मिटवतो.

आता माप. बिटावर ‘8×160’ असं कोरलेलं असेल तर काम संपलं: 8 जाडी, 160 एकूण लांबी, त्यातली साधारण 100 भिंतीत जाणारी. अडचण अशी की चार-दोन भिंतींत भोकं पाडल्यावर ते आकडे घासून जातात. तरीही माप काढता येतं, कारण फोटोत एक फूटपट्टी आधीच आहे: दांडा. प्लस बिट सहाचं असो वा सोळाचं, दांडा 10 मिलिमीटरचाच.

समजा, शिरपूरहून आलेल्या फोटोत खाचावाला दांडा दिसतोय आणि आकडे पुसलेले आहेत. फोटो दोन बोटांनी मोठा करा, इतका की पडद्यावर पट्टी ठेवल्यावर दांड्याची रुंदी बरोबर 50 मिलिमीटर भरेल. आता पडद्यावरचे 5 मिलिमीटर म्हणजे बिटावरचा 1. झूम तसाच ठेवून एका बोटाने फोटो टोकाकडे सरकवा आणि तिथे बसवलेली कार्बाइडची कडक पाती जिथे सर्वांत रुंद आहे तिथे मोजा. समजा, 40 भरले. 40 भागिले 5, म्हणजे बिट 8 मिलिमीटर. मोजताना पट्टी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी बिटाच्या मापात फरक फक्त 0.1 चा पडतो.

मात्र मोजायची ती पाती, मागचे आटे नव्हे. भोकात बिट अडकू नये म्हणून आट्यांचा भाग पातीपेक्षा बारीक ठेवलेला असतो. आटे मोजले तर आठाचं बिट साताचं वाटेल. शिवाय नव्या बिटाची पाती छापील मापापेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर जास्तच असते, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या 8 च्या गिट्टीला भोक पुरेसं मोकळं पडतं. घासत घासत ती खाली येते. म्हणून 8.4 आलं तरी बिट आठाचं आणि 7.8 आलं तरी आठाचंच, फक्त म्हातारं. अशा बिटाने पाडलेल्या भोकात गिट्टी ठोकताना वाकते, आणि दोष गिट्टीवर जातो.

फोटो चुकीचा निघाला तर हे सगळं गणित फसतं. पहिली चूक म्हणजे पाती आडवी नसणं. पाती चपटी आहे. ती 45 अंश फिरलेली असेल तर आठाची पाती साताच्या आसपास दिसते. बिट जमिनीवर ठेवून गोल फिरवा आणि पाती सर्वांत रुंद दिसेल तेव्हाच फोटो काढा. दुसरी चूक जवळून फोटो काढण्याची. मोबाइल 30 सेंटिमीटरवर असेल आणि बिटाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 3 सेंटिमीटर जवळ असेल तर ते टोक सुमारे दहा टक्के मोठं दिसतं, म्हणजे 8 आणि 9 मधला फरक गेलाच. मीटरभर वरून, दुप्पट झूमवर घेतला तर हीच चूक तीन टक्क्यांवर येते.

गोल दांड्याच्या बिटाला ही सोय नाही, कारण त्याचा दांडा मापागणिक बदलतो. तिथे शेजारी ठरलेल्या मापाची वस्तू लागते. रुपयाचं नाणं नको. 20, 22 आणि 25 मिलिमीटर अशी त्याची वेगवेगळी मापं चलनात आली आहेत. दहा रुपयांचं नाणं 27 चं असतं. त्याहून बरं एटीएम कार्ड, 85.6 मिलिमीटर लांब. मुदत संपलेलं घ्या, चालू कार्डाचा नंबर दुकानदाराला कशाला?

आता टोक. समोरून पाहिलं तर काँक्रीटच्या बिटावर वेगळ्या रंगाची, ब्रेझिंगने बसवलेली पाती दिसते, एक आडवी किंवा फुलीसारखी. फुलीचं बिट सळई लागण्याची शक्यता असलेल्या स्लॅबला बरं; सळई लागली तर एकाच पातीचं बिट अडकून कार्बाइड उडतं. लाकडाच्या बिटाला मधे सुईसारखं टोक आणि कडेला दोन सुळे असतात. लोखंडाच्या बिटाला वेगळी पाती नसते. अख्खं बिट एकाच धातूचं, टोक शंकूसारखं. ते भिंतीत घातलं तर काही सेकंदांत बोथट होतं. रंगावर मात्र भरवसा नको. सोनेरी मुलामा साध्या बिटावरही असतो आणि ट्यूबलाइटखाली काळंही पिवळट दिसतं. लोखंडासाठी कोबाल्टचं बिट हवं असेल तर दांड्यावर HSS-Co कोरलेलं वाचता येणारा फोटोच मागा.

कटिंगच्या चकत्यांनाही हाच नियम: आधी मधलं भोक. चार इंची ग्राइंडरच्या 100 मिलिमीटर चकतीचं भोक 16 चं, तर मार्बल कटरच्या 110 च्या पात्याचं 20 चं. फोटोत दोन्ही ‘चार इंची’च वाटतात. भोकाची रुंदी भागिले बाहेरची रुंदी काढा: पहिलीत 0.16 येतं, दुसरीत 0.18. हा फरक इतका कमी की मोजताना पट्टी थोडी जरी सरकली तर उत्तर दुसरीकडे झुकतं. म्हणून चकतीच्या बाबतीत फोटोवर विसंबू नका. जुन्या चकतीच्या भोकाचं माप पट्टीने घेऊनच कळवा. सँडिंगच्या चकतीचा दाणाही पुढच्या बाजूच्या फोटोवरून सांगता येत नाही. 80 आणि 120 पडद्यावर सारखेच दिसतात. आकडा मागच्या बाजूला छापलेला असतो, चकती उलटी करूनच फोटो काढा.