एचसीएलचा ओव्हरटोन फिका का दिसतो : पार्श्वभूमी

पावसाळ्यात गोव्यात आयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेणं, म्हणजे आधी मिठाच्या खिडक्या सांभाळणं. गॅस सेलच्या दोन्ही टोकांना मिठाच्या चकत्या असतात, डेसिकेटरमधून काढून जुलैच्या हवेत थोडा वेळ टेबलावर राहिल्या तरी पृष्ठभाग धुरकट होतो, मग पॉलिश करत बसा. एवढं करून एचसीएलचा, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड वायूचा, स्पेक्ट्रम घेतला की 2886 cm⁻¹ च्या दोन्ही बाजूंना रेषांचा सुंदर कंगवा मिळतो, मुलं खूश होतात, आणि पुढचा प्रश्न येतो की सर, पुस्तकात ओव्हरटोन लिहिलाय तो कुठाय? तो, म्हणजे जवळपास दुप्पट वारंवारतेचा फिका पट्टा, 5668 ला असतो आणि कॉलेजमधलं नेहमीचं मशीन 4000 ला थांबतं. म्हणून बहुतेकांची ओव्हरटोनशी ओळख एका वाक्यापुरतीच राहते, «अनहार्मोनिसिटीमुळे ओव्हरटोन दिसतात, पण क्षीण दिसतात». हे वाक्य चुकीचं नाही पण अर्धं आहे, आणि ते अर्धं कसं राहिलं हे जरा मागे जाऊन बघायला लागतं.

एचसीएल इन्फ्रारेड शोषतो हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच माहीत होतं. पण आपल्या कामाची गोष्ट 1919 ची. अमेरिकेत एका तरुण संशोधकाने ग्रेटिंग वापरून या कंगव्याचा एकेक दात वेगळा करून दाखवला आणि 1.76 मायक्रॉनजवळचा फिका ओव्हरटोनसुद्धा मोजला. त्या फिक्या पट्ट्यात प्रत्येक रेषेला शेजारी एक बारीक सोबतीण दिसत होती. क्लोरीनचे 35 आणि 37 असे दोन आयसोटोप, दोघांच्या कंपनात फरक जेमतेम 0.08 टक्के, 2886 च्या मूळ पट्ट्यात तो 2 cm⁻¹ एवढाच पडतो आणि त्या काळच्या उपकरणात मिटून जातो, पण ओव्हरटोनमध्ये वारंवारता दुप्पट तसा फरकही दुप्पट, 4 च्या वर, म्हणून तिथे डोळ्याला लागला. म्हणजे जो पट्टा कमजोर म्हणून बाजूला टाकला जातो त्यानेच आयसोटोपची खूण आधी दाखवली. मला हे अजूनही फार आवडतं.

आता शब्दाचा गुंता, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ओव्हरटोन हा शब्द संगीतातून आला. देवळात भजनाला तानपुरा छेडला की एकाच तारेत मूळ स्वर आणि त्याच्या वरचे स्वर एकाच वेळी वाजतात, कारण तार दोन भागांत, तीन भागांत अशीही हलते, हे सगळे तिचे वेगवेगळे मोड. दोन अणूंच्या रेणूला कंपनाचा मोडच एक, ताणणं आणि आकसणं, बस. तिथला ओव्हरटोन म्हणजे दुसरा मोड नाही, त्याच एका शिडीवर खालच्या पायरीवरून एक पायरी सोडून थेट तिसरीवर मारलेली उडी, v=0 वरून v=2. वर मोजणीचा घोळ आहेच, पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक, त्यामुळे परीक्षेत «दुसरा» म्हटलं की कुणी 5668 लिहितो कुणी 8347. आणि हार्मोनिक म्हटलं की माणूस अचूक दुपटीची अपेक्षा धरतो, जी इथे पूर्ण होत नाही.

2886 ची दुप्पट 5772, पट्टा येतो 5668 ला, 104 कमी. शिडीच्या पायऱ्या वर जाताना जवळ येतात म्हणून. रेणूच्या ऊर्जेचा ताणाबरोबर बदलणारा वक्र पॅराबोला धरला तर रेणू कितीही ताणला तरी तुटत नाही, खरा रेणू तुटतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूला वक्र सपाट होत जातो. 1929 मध्ये एका फिजिसिस्टने असा सपाट होणारा वक्र सुचवला आणि त्याचं गणित पूर्ण सुटतं, तोच आपला मोर्स वक्र. त्यातून सूत्र येतं

```
ν(0→n) = n·ωe − n(n+1)·ωexe
```

यात ωe म्हणजे अगदी लहान कंपनाची वारंवारता आणि ωexe म्हणजे पायऱ्या किती जवळ येतात त्याचं माप. एचसीएलला ωe 2991 आणि ωexe 52.8 घातलं की पहिला पट्टा 2885, ओव्हरटोन 5665. मोजलेल्यापेक्षा 3 चाच फरक. (ωexe हे एकच संख्या म्हणून वापरतात, xe हवं असेल तर भागाकार करायचा, 52.8 भागिले 2991 म्हणजे 0.0177.)

जागेचा प्रश्न इथे सुटला, आणि माझ्या मते इथेच वाट चुकली. एवढा छान मेळ बसल्यावर सगळ्यांनी तोच वक्र तीव्रतेचंही कारण धरून टाकला. पण Δv=±1, म्हणजे एका वेळी एकच पायरी, हा नियम दोन गृहीतांवर उभा आहे, एक, वक्र पॅराबोला आहे, आणि दोन, रेणूचा डायपोल मोमेंट ताणाच्या सरळ प्रमाणात बदलतो. पहिलं मोडलं तर मेकॅनिकल अनहार्मोनिसिटी, दुसरं मोडलं तर इलेक्ट्रिकल. नुसता पॅराबोला ठेवला आणि डायपोलची रेघ थोडी वाकवली तरी 0→2 उडी दिसायला लागते! प्रकाश रेणूला डायपोलमधूनच पकडतो, त्यामुळे हे दुसरं कारण पहिल्याच्या बरोबरीचं आहे, तरी बऱ्याच नोट्समध्ये त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही.

किती फिका ते मोजता येतं. मोर्स वक्र घेतला आणि डायपोल मात्र सरळ रेघेत ठेवला तर ओव्हरटोनच्या उडीच्या ट्रान्झिशन मोमेंटचा वर्ग मूळ उडीतल्या वर्गाच्या साधारण xe/2 पट येतो, शोषणात वारंवारतेचा गुणक दुप्पट, म्हणून एकूण गुणोत्तर जवळपास xe एवढंच. एचसीएलला 1.8 टक्के. प्रत्यक्षात मोजलेलं दोन-अडीच टक्क्यांच्या घरात येतं, म्हणजे एचसीएलपुरतं बघितलं तर वक्रच बहुतेक काम करतो आणि डायपोलचा वाक थोडी भर घालतो. म्हणूनच पुस्तकी वाक्य इतकी वर्षं टिकलं.

पण एचआय, म्हणजे हायड्रोजन आयोडाइड, घ्या. त्याचं ωe 2309, ωexe 39.6, म्हणजे xe 0.017, एचसीएलसारखंच. फक्त वक्रावर विश्वास ठेवला तर त्याचाही ओव्हरटोन दोनेक टक्के असायला हवा. तसं होत नाही, तिथे ओव्हरटोन मूळ पट्ट्याशी तुलना करण्याइतका असतो. कारण एचआयमध्ये समतोल अंतराजवळ डायपोलचा उतारच जवळपास शून्य आहे, त्यामुळे मूळ पट्टाच पडेल आणि जे काही दिसतं त्यात डायपोलच्या वाकाचा मोठा हात. पायऱ्या तशाच, तीव्रतेचा हिशेब पूर्ण वेगळा. पुढे लोकांनी हाच रस्ता उलटा वापरला, पट्ट्यांच्या तीव्रता मोजून त्यावरून डायपोलचा वक्र काढायचा.

प्रत्यक्ष मोजताना एक चूक हमखास होते. एकाच सेलमध्ये एकाच दाबाला दोन्ही पट्टे घेतात, मूळ पट्ट्याच्या रेषा इतकं शोषतात की तळाला जाऊन चपट्या होतात, त्यांचं क्षेत्रफळ कमी भरतं आणि ओव्हरटोन उगाच दहा-वीस टक्के निघतो. ओळखायचं कसं, तर दाब निम्मा करून परत घ्यायचं. गुणोत्तर बदललं तर मूळ पट्टा भरून गेलेला आहे, मग त्याला कमी दाब आणि ओव्हरटोनला जास्त दाब किंवा लांब सेल, आणि दोन्ही आकडे दाब गुणिले लांबीने भागून मगच तुलना. रेषा फार बारीक असतात, म्हणून मशीनचं रिझोल्यूशन अपुरं पडलं की चपटेपणा दिसतही नाही, तेव्हा दाबाची ही चाचणी सोडू नये.

आणि पावसाळ्यातलं सुख असं की ज्याच्याकडे निअर-आयआर मशीन आहे त्याला ओव्हरटोनसाठी मीठ लागतच नाही, 1.76 मायक्रॉनला क्वार्ट्झ पारदर्शक असतो, सेल तासभर उघड्या टेबलावर राहिला तरी खिडकी धुरकट होत नाही.