श्वास कापायचा की ठेवायचा: माहितीपटाच्या निवेदनामागची पार्श्वभूमी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात घरातल्याच एखाद्या खोलीत फोम लावून थाटलेली रेकॉर्डिंगची जागा आता नवलाईची राहिलेली नाही. माहितीपटांची बरीचशी मराठी निवेदनं हल्ली अशाच खोल्यांत होतात. काम देणारा सांगतो, ‘वाचल्यासारखं नको, बोलल्यासारखं हवं.’ आणि त्याच संदेशात खाली लिहिलेलं असतं की फाइलमध्ये श्वास ऐकू येता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात, हे मागणाऱ्याच्या बहुधा गावीही नसतं. त्या एकत्र कशा आल्या, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सरकारी माहितीपटांची यंत्रणा १९४८ साली उभी राहिली. तिचे माहितीपट आणि वार्तापट मुख्य सिनेमाच्या आधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. त्या निवेदनाचा खणखणीत, एका पट्टीतला सूर आज आपल्याला भाषणासारखा वाटतो, पण त्यामागे तांत्रिक कारण होतं. फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीत अगदी हळू आवाज खरखरीत बुडायचा आणि फार मोठा आवाज फाटायचा. त्यात थिएटरचा घुमारा. मग निवेदक प्रत्येक शब्द सुटा करून, सारख्याच जोराने टाकायचा. श्वासाबद्दल तेव्हा कुणी वाद घातला नाही, कारण तो ऐकूच येत नव्हता.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं आणि निवेदन थिएटरातून दिवाणखान्यात आलं. ऐकणारा आता चार पावलांवर बसलेला, आणि बहुतेक वेळा जेवत असलेला. तरी सूर बदलायला बरीच वर्षं गेली. आवाज आकाशवाणीच्या बातम्यांतून आणि रंगभूमीवरून येत होते, आणि दोन्हीकडची शिस्त शेवटच्या अक्षरापर्यंत शब्द पोहोचवण्याची. बातम्यांची संहिता ‘झाले’, ‘गेले’, ‘करण्यात आले’ अशीच लिहिलेली असायची आणि तशीच उच्चारली जायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचणारा प्रत्येक वाक्याच्या टोकाला ‘आहे’वर उतरतो, तोही दर वेळी त्याच पायरीने. चार वाक्यं ओळीने अशी उतरली की ऐकणाऱ्याला कळतं, समोर कागद आहे. गप्पा मारताना आपला जोर क्रियापदाच्या अलीकडच्या शब्दावर असतो आणि ‘आहे’ जाता जाता सुटतं. निवेदनातला वाचीवपणा ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. डोळे मिटून फक्त वाक्यांच्या शेपट्या ऐकाव्यात.

टेपच्या दिवसांत चूक झाली की फीत मागे घेऊन मागच्या विरामापासून पुन्हा बोलायचं. म्हणजे दुरुस्तीसोबत तिथला श्वासही आपोआप यायचा. श्वास कापता येत नव्हता असं नाही. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरची पट्टी, ती ब्लेडने काढून दोन टोकं चिकटवायची. पण वीस मिनिटांच्या निवेदनात पाच-सहा सेकंदांनी एक धरला तरी दोनशेहून जास्त श्वास होतात. तेवढे जोड कोण लावत बसणार?

नव्वदच्या दशकात ध्वनिसंकलन संगणकावर आलं आणि हा अडथळा गेला. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसू लागला. दोन वाक्यांच्या मधला बारीकसा फुगवटा म्हणजे श्वास. तो निवडा, डिलीट दाबा, झालं. दिसणारी गोष्ट साफ करायचा मोह आवरत नाही. त्याच सुमाराला उपग्रह वाहिन्या आल्या, आणि पुढे परदेशी माहितीपटांची डबिंगची कामंही. त्या संहिता इंग्रजीवरून उतरवलेल्या असायच्या आणि मराठी वाक्य मूळ दृश्याच्या वेळेत कोंबावं लागायचं. श्वास काढला की दर वाक्यामागे अर्धा सेकंद मोकळा होतो. सुरुवातीला गरज म्हणून केलेली ही काटछाट बघता बघता ‘स्वच्छ’ रेकॉर्डिंगची व्याख्याच होऊन बसली.

वादाची खरी जागा मात्र कॉम्प्रेसर आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. टीव्हीसाठी आवाज एका पातळीत आणताना कॉम्प्रेसर मोठे भाग दाबतो आणि मग सगळंच वर उचललं जातं. त्यात शब्दांमधला श्वासही वर येतो. निवेदकाने घेतला तेव्हा जेमतेम ऐकू येणारा श्वास प्रक्रियेनंतर धापेसारखा वाटतो. त्यात माइक वीतभर अंतरावर आलेला. मग इंजिनिअर म्हणतो निवेदक धापा टाकतो, आणि निवेदक म्हणतो मी तर शांत होतो. दोघंही खरं बोलत असतात. वाहिनीच्या तपासणीत मात्र शेरा निवेदकावरच येतो.

श्वास पूर्ण कापला तर काय होतं, ते एका वाक्यावर पाहू. ठाणे खाडीचा पश्चिम किनारा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. तेव्हापासून या विषयावर छोटे माहितीपट निघत असतात. अशा संहितेत साधारण असं वाक्य असतं:

‘दरवर्षी हिवाळ्यात कच्छकडून निघालेले हजारो रोहित पक्षी ठाणे खाडीच्या चिखलात उतरतात आणि तेथील शेवाळावर व सूक्ष्म जीवांवर गुजराण करीत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम करतात.’

तेवीस शब्द, म्हणजे संथपणे म्हटलं तर बारा सेकंदांच्या आसपास. वाचणारा पहिला श्वास ‘उतरतात’नंतर घेतो, कारण पुढे ‘आणि’ दिसतं. दुसरा भाग लांबतो, ‘पावसाळ्याच्या तोंडापर्यंत’ येईतो हवा संपलेली असते आणि ‘मुक्काम करतात’ घशातून, कोरडं निघतं. त्यानंतरचा श्वास साहजिकच ओढून घेतलेला, मोठा असतो. तो कापण्याच्या लायकीचा वाटतो, पण दोष त्या श्वासात नाही, आधीच्या वाक्याच्या लांबीत आहे.

आता इंजिनिअरने ‘उतरतात’ आणि ‘आणि’ यांच्यामधला श्वास काढला असं धरू. जागा बंद केली तर दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटतात आणि बारा सेकंद न थांबता बोलणारा माणूस तयार होतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण छाती त्याचीही आवळते. जागा मोकळी ठेवली तर तिथे पूर्ण शांतता पडते. खोलीची सूक्ष्म गुणगुण शब्दांमागे असते, आणि या भोकात ती अचानक तुटते. शिवाय श्वासाचा आवाज पुढचं वाक्य कुठल्या सुरात येणार याची चाहूल देतो. छोटा, चटकन घेतलेला श्वास म्हणजे बोलणं चालू आहे. सावकाश, खोल घेतलेला म्हणजे नवा मुद्दा. ही चाहूल काढून टाकायची आणि वर निवेदन संवादी का वाटत नाही असं विचारायचं, हे मला तरी पटत नाही.

हेच वाक्य बोलायचं झालं तर आधी संहितेवर पेन्सिल चालवावी लागते. ‘उतरतात’ला पूर्णविराम. पुढे ‘तिथलं शेवाळ, तिथले बारीक जीव, यांच्यावरच त्यांचं चालतं. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम.’ मग पहिल्या वाक्यात जोर कशावर, हा प्रश्न. नवशिका ‘हजारो’ आणि ‘रोहित पक्षी’ या दोन्हींवर जोर देतो. पण पडद्यावर हजारो गुलाबी पक्षी दिसतच आहेत. डोळ्यांना जे कळलं ते आवाजाने ठसवायचं नसतं. दृश्यात न कळणारी, थोडी चकित करणारी गोष्ट म्हणजे ‘चिखलात’, आणि पुढचं वाक्यही त्याचंच स्पष्टीकरण आहे. म्हणून जोर तिथे आणि तेवढाच. तोही आवाज चढवून नव्हे. ‘खाडीच्या’ झाल्यावर डोळ्याचं पातं लवेल इतकं थांबायचं, ‘चिखलात’ किंचित लांबवायचं आणि ‘उतरतात’ हलकं सोडायचं. ते पूर्ण खाली उतरवायचं नाही, कारण बोलणं संपलेलं नाही. ‘हिवाळ्यात’नंतर एक चोरटा श्वास बसतो, ‘उतरतात’नंतर थोडा मोठा. दोन्ही वेळा छातीत हवा शिल्लक असतानाच घेतलेले, तोंड आधीच किंचित उघडं, खांदे जागच्या जागी. असा श्वास कॉम्प्रेसरनेही फारसा वर येत नाही.

राहिलेल्या श्वासांसाठी हल्ली बरेच जण मधला मार्ग धरतात. श्वास कापायचा नाही, त्याची पातळी ६ ते १० डेसिबलनी खाली आणायची. कुठे काढावाच लागला तर त्या जागी खोलीचा रिकामा आवाज भरायचा, त्यासाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला अर्धा मिनिट काही न बोलता मुद्रण करून ठेवायचं. आवाजाची पातळी घसरली की आपोआप बंद होणारं नॉइज गेट मात्र निवेदनावर लावू नये. ते श्वासाबरोबर ‘चिखलात’मधल्या त-सारखे शेवटचे हलके वर्णही खातं.

२०२०च्या टाळेबंदीत कामं घरी आली तेव्हा या जुन्या भांडणात नवी भर पडली. पूर्वी ठाण्या-डोंबिवलीचे निवेदक लोकल पकडून दादर-अंधेरीच्या स्टुडिओत जायचे, तिथे काचेपलीकडे कुणीतरी ऐकत असायचं. आता निवेदक स्वतःच इंजिनिअर. घोडबंदर रोडवरचे ट्रक, रुळांलगतच्या इमारतींना लोकलचा हादरा, पंखा बंद, दार बंद. पुढची गाडी यायच्या आत परिच्छेद उरकायचा म्हणून वेग चढतो आणि श्वास वर-वर, छातीतून घेतला जातो. त्यातच अडखळल्यावर वाक्याच्या मधूनच पुढे रेकॉर्ड करायची सवय लागली आहे. जोडताना तिथे एक तर दोन श्वास एकामागोमाग येतात, नाहीतर एकही नसतो, आणि नव्या तुकड्याची पट्टी आधीच्या अर्ध्या वाक्याशी जुळत नाही. टेपच्या काळातला नियम इथे अजून चालतो: अडखळलात तर मागच्या श्वासापासून, श्वासासकट पुन्हा.

निर्मात्यांमध्ये एकमत अजून नाही. काही जण एकही श्वास न कापलेली मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल अशा दोन्ही मागतात आणि निर्णय मिक्सिंगवर ढकलतात. मोबदला मात्र एकाच फाइलचा मिळतो.