प्रोजेक्ट रिपोर्टला येताना कोटेशन घेऊन या

आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा-सातजणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, दहा लाखांचा रिपोर्ट बनवून द्या." दहाच लाख का, असं विचारलं की उत्तर येतं, मित्राला तेवढे मिळाले. रिपोर्ट कर्जाच्या आकड्यावरून उलटा बांधता येत नाही. आधी खर्च, त्यातून तुमचा हिस्सा वजा, उरेल ते कर्ज. आणि खर्च ठरतो तो कोटेशनवरून.

मागच्या वर्षीची एक फाइल सांगतो. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकायचं होतं. "मशिनरी सहा लाख," असं फोनवर सांगितलं, घाई होती म्हणून आम्हीही त्यावरच रिपोर्ट केला. चूक आमचीही होती. २५ टक्के स्वतःचे म्हणजे दीड लाख, कर्ज साडेचार लाख. ग्राहकाच्या खात्यात १ लाख ६० हजार होते, त्यामुळे सगळं जुळत होतं. चार दिवसांनी कोटेशन आलं: सहा लाख, अधिक १८ टक्के जीएसटी १ लाख ८ हजार, अधिक वाहतूक आणि वायरिंग ४२ हजार. एकूण साडेसात लाख. आता स्वतःचा हिस्सा झाला १ लाख ८७ हजार ५००, कर्ज ५ लाख ६२ हजार ५००. खात्यातले पैसे साडेसत्तावीस हजारांनी कमी पडले.

"एकच आकडा बदला की," असं ग्राहक म्हणाले. पण तो एक आकडा नसतो. मशिनरीची रक्कम बदलली की घसारा बदलतो, कर्ज बदललं की व्याज आणि हप्ता बदलतो, त्यावरून नफा, नफ्यावरून पाचही वर्षांचे ताळेबंद. शेवटी डीएससीआर, म्हणजे नफा, घसारा आणि व्याज मिळून वर्षाला येणारा पैसा त्या वर्षीच्या मुद्दल-व्याजाच्या किती पट आहे ते. शाखेत फाइल उघडली की नजर आधी तिथेच जाते. सरासरी दीडच्या आसपास किंवा वर असेल तर पुढचं बोलणं सोपं होतं. म्हणून कोटेशन उशिरा आलं की रिपोर्ट जवळपास नव्याने करावा लागतो, आणि आम्ही दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतो ते याचसाठी. ग्राहकांना ते खटकतं, हे आम्हाला माहीत आहे.

कोटेशनही धड हवं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, तारीख, सही-शिक्का, मशीनचं मॉडेल आणि तुमच्या फर्मचं नाव, उद्यम नोंदणीवर आहे तेच. बँक मशीनचे पैसे सहसा तुमच्या हातात न देता थेट विक्रेत्याला पाठवते, त्यामुळे त्याचे खाते तपशीलही असलेले बरे. मशीन थ्री फेजची असेल आणि जागेत सिंगल फेज मीटर असेल तर आधीच सांगा. लोड वाढवण्याचा खर्चही रिपोर्टात धरावा लागतो.

बाकी कागद तुम्हाला ठाऊकच आहेत: आधार, पॅन, उद्यम, खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट, धंदा जुना असेल तर दोन-तीन वर्षांचे आयटीआर. जागेचं मात्र बघा. भाड्याची असेल तर करार कर्जाच्या मुदतीला पुरेल असा असावा. अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचं कर्ज मागितलं की शाखेत प्रश्न येतोच. गावात स्वतःची जागा असेल तर नमुना आठ काढून आणा.

पीएमईजीपीतून जाणाऱ्यांचा एका शब्दावरून गोंधळ होतो. बँकेत 'मार्जिन' म्हणजे तुमचा हिस्सा. या योजनेत सरकारी अनुदानालाच मार्जिन मनी म्हणतात. तुमचा हिस्सा तिथे सर्वसाधारण गटात १० टक्के, विशेष गटात ५ टक्के, आणि तो भरावाच लागतो. अनुदान लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. जमिनीची किंमतही प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

"विक्री जरा वाढवून दाखवा" ही विनंती आम्ही ऐकत नाही. दोन वेल्डर आणि एका शेडमध्ये महिन्याला किती गेट निघतील, हे शाखेतल्या माणसालाही कळतं. क्षमतेच्या ६० टक्क्यांपासून सुरू करून दरवर्षी थोडी वाढवलेली विक्री त्यांना पटते.

कर्ज मंजूर करून देण्याची हमी आम्ही देत नाही, मंजुरीवर टक्केही घेत नाही. ठरलेल्या फीमध्ये एकदा जागा पाहून जातो आणि शाखेने रिपोर्टावर काढलेल्या शंकांची लेखी उत्तरं करून देतो. कोटेशन आणि जागेचा कागद हातात आला की त्यानंतर चार कामाच्या दिवसांत रिपोर्ट तयार असतो.