एका सेकंदाचा धोटा: हलत्या जीआयएफची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मेव्हण्याचा चादरीचा कारखाना आहे. घाऊक गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये टाकायला त्याला मागावरच्या धोट्याचं हलतं चित्र हवं होतं. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून सुटावा, उजवीकडून परत यावा आणि हे चालतच राहावं. पहिली फाइल इतकी जड झाली की ती उघडेपर्यंत चहा पिऊन व्हावा. दुसरी हलकी केली तर तिच्यात धोटाच दिसेना. दोन्ही फजित्यांचं मूळ जीआयएफच्या जन्मात आहे.

जीआयएफ 1987 साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत तयार झालं. स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाचं ते काम. फोनच्या तारेवरून रंगीत चित्र लवकर उतरावं एवढाच हेतू होता. म्हणून एका चित्राला जास्तीत जास्त 256 रंग, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या ठिपक्यांच्या ओळी थोडक्यात लिहिणारी एलझेडडब्ल्यू ही पद्धत. (याच पद्धतीच्या पेटंटवरून 1994 पासून बराच गदारोळ झाला, पण आपल्या धोट्याशी त्याचा संबंध नाही.) 1989 च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी ते लिहायची सोय आली. गंमत म्हणजे हे स्वरूप अ‍ॅनिमेशनसाठी योजलेलं नाही, असं त्या आवृत्तीच्या कागदपत्रातच नमूद आहे. पुन्हापुन्हा चालण्याची सोय तर त्यातही नव्हती. ती 1995 च्या सुमारास नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरसाठी जोडली: फाइलच्या सुरुवातीला 19 बाइटचा एक तुकडा, त्यात `NETSCAPE2.0` हे नाव आणि फेऱ्यांचा आकडा. आकडा शून्य असेल तर फेऱ्या संपत नाहीत. आजही ब्राउझर हाच तुकडा शोधतात.

वेळ लिहायची 1989 ची पद्धत आजही नडते. ती सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि पूर्णांकातच लिहावी लागते. 5 लिहिलं तर सेकंदाला 20 फ्रेम, 4 लिहिलं तर 25. सेकंदाला 30 हव्या असतील तर 3.33 लिहावं लागेल, आणि ते लिहिता येत नाही. सगळ्यात वेगवान म्हणून 1 लिहावं, तर आजचे ब्राउझर ते 10 समजतात आणि चित्र रांगायला लागतं.

आमचा माग मिनिटाला 120 वेळा धोटा फेकत होता, म्हणजे जाऊन-येऊन बरोबर एक सेकंद. सेकंदाला 10 फ्रेम ठेवल्या तेव्हा धोट्याचा आडवा प्रवास एखाद्याच फ्रेममध्ये सापडायचा, कधी तोही नाही. 20 फ्रेममध्ये तो तीनदा दिसतो आणि डोळा उरलेलं जोडून घेतो. मोबाइलवर सेकंदाला 60 फ्रेमने चित्रण केलं आणि दर तिसरी फ्रेम उचलली. अंतर सारखं राहतं, म्हणून हिसका बसत नाही. 30 च्या चित्रणातून 20 काढायच्या तर दोन घ्या, एक सोडा असं करावं लागतं, आणि ती लंगडी चाल लगेच दिसते.

आता वजन. 480 बाय 360 ठिपक्यांच्या 20 फ्रेम म्हणजे दाबून लहान करण्याआधी साधारण साडेचौतीस लाख बाइट. फ्रेम निम्म्या केल्या तर हा आकडा निम्मा होतो, पण धोटा जातो. खरी बचत दुसरीकडे आहे. जीआयएफमध्ये पुढची फ्रेम पूर्ण लिहावी लागत नाही. बदललेल्या भागाभोवतीचा चौकोन लिहिला की पुरतं. धोट्याचा पट्टा 480 बाय 120 चा, म्हणजे चित्राच्या एकतृतीयांश. पण पहिलं चित्रण मेव्हण्याने हातात मोबाइल धरून केलं होतं. हात जरासा हलला की भिंतीचा ठिपकान् ठिपका बदलतो आणि चौकोन अख्ख्या चित्राएवढा होतो. स्टँड लावला तरी कोपऱ्यात पंखा फिरत होता, तोही चौकोन ताणत होता. ट्यूबलाइटची लुकलुक वेगळीच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. भिंतीवर आडवे पट्टे सरकताना दिसले की हेच समजावं. शटर 1/100 वर आणि एक्स्पोजर लॉक केल्यावर भिंत स्थिर झाली.

राहिले रंग. कमी रंगांत छटा दाखवायला ठिपके मिसळतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने विखुरले तर स्थिर भिंतही बदलल्यासारखी होते आणि फाइल फुगते. `bayer` पद्धतीत ठिपक्यांची जाळी जागची हलत नाही, म्हणून 64 रंगांबरोबर तीच घेतली. निवडलेल्या फ्रेमचं जीआयएफ बनवायला ffmpeg या प्रोग्रामला दिलेली आज्ञा अशी:

```
ffmpeg -framerate 20 -i f%02d.png -vf "split[a][b];[a]palettegen=max_colors=64:stats_mode=diff[p];[b][p]paletteuse=dither=bayer:diff_mode=rectangle" -loop 0 dhota.gif
```

एकविसावी फ्रेम घ्यायची नाही. ती पहिलीसारखीच असते, त्यामुळे दर फेरीला धोटा अडखळतो. तरी एक सांधा उरलाच. नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्ड यंत्रणेची कार्डं दर फेकीला पुढे सरकतात, त्यामुळे वर उचललेले ताण्याचे धागे सेकंदानंतर तेच नसतात. फेरीच्या टोकाला नक्षी किंचित उडी मारते. मेव्हण्याने ती एका नजरेत हेरली. गिऱ्हाइकांपैकी कुणी अजून विचारलेलं नाही.

काही ईमेल प्रोग्राम फक्त पहिली फ्रेम दाखवतात, एवढं मात्र उशिरा कळलं. फेरी कुठूनही सुरू करता येते, म्हणून फ्रेमचे क्रमांक बदलून धोटा मधोमध असलेलं चित्र पहिलं केलं.