मॅस्टोडॉनवरील जुन्या पोस्ट आपोआप काढणे

मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमात ठरावीक वयापेक्षा जुन्या पोस्ट आपोआप काढून टाकण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्येच आहे. २०२२ च्या ३.५ आवृत्तीपासून ती मिळते. त्याआधी हेच काम लोक बाहेरच्या स्क्रिप्ट चालवून करत. पण बाहेरून पोस्ट काढायला दर अर्ध्या तासाला ३० ची मर्यादा असल्याने काही हजार पोस्टचे खाते रिकामे करायला दिवसच्या दिवस लागत.

ही सोय मोबाइल ॲपमध्ये शोधण्यापेक्षा ब्राउझरमधून उघडावी. Preferences मध्ये Automated post deletion हे पान आहे. सर्व्हरच्या पत्त्यापुढे `/statuses_cleanup` टाइप केले तरी थेट तिथे पोचता येते. तिथे मुख्य खूण करायची आणि Age threshold मधून वयाची मर्यादा निवडायची. १ आठवडा, २ आठवडे, १, २, ३ किंवा ६ महिने, १ वर्ष आणि २ वर्षे एवढेच पर्याय आहेत, मधली संख्या टाकता येत नाही. मर्यादा मोजली जाते ती पोस्ट केल्याच्या तारखेपासून, शेवटचा प्रतिसाद कधी आला यावरून नाही.

खरे काम आहे ते अपवाद ठरवण्याचे. पिन केलेल्या पोस्ट, थेट संदेश, आणि स्वतःच आवडती केलेली किंवा बुकमार्क केलेली आपलीच पोस्ट, या चार गोष्टी मुळातच वगळलेल्या असतात. मतचाचण्या आणि चित्रे-व्हिडिओ जोडलेल्या पोस्ट मात्र आपण खूण केली नाही तर जातात, आणि फोटो टाकणारे नेमके इथेच फसतात. छायाचित्रकाराने मर्यादा ३ महिने ठेवली आणि Keep posts with media attachments रिकामेच सोडले, तर गप्पांबरोबर त्याचे सगळे फोटोही जातील. उलट ती खूण केली, की चहाच्या कपाचा फोटोही कायमचा राहतो. अशा वेळी माध्यमाचा अपवाद बंद ठेवून जपायच्या पोस्ट एकेक करून बुकमार्क करणे जास्त सोयीचे. बुकमार्क इतरांना दिसत नाही, स्वतःला दिलेली पसंती मात्र दिसते.

किमान किती जणांनी पसंती दिली किंवा बूस्ट केले तर पोस्ट राहू द्यायची, हा आकडाही भरता येतो. त्यात एक मेख आहे. मॅस्टोडॉन रोज सगळ्या पोस्ट पहिल्यापासून तपासत नाही. शेवटची तपासलेली पोस्ट कोणती याची नोंद ठेवून तिथून पुढे जातो. समजा आकडा १० आहे आणि तपासणीच्या वेळी एका पोस्टला १० पसंती होत्या, म्हणून ती वाचली. नंतर एकाने पसंती मागे घेतली तरी ती पुन्हा तपासली जाईलच असे नाही, आणि तशी सूचना त्या पानावरच दिलेली आहे. आपण स्वतः बुकमार्क किंवा पिन काढला तर मात्र नोंद मागे सरकवली जाते आणि ती पोस्ट पुन्हा तपासणीत येते.

खूण केल्यावर तासाभराने खाते जसेच्या तसे दिसले की सेटिंग लागलेच नाही असे वाटते. वास्तविक हे काम सर्व्हर मुद्दाम हळू करतो. पार्श्वभूमीत फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत एका खात्याच्या मोजक्याच पोस्ट काढल्या जातात, कारण प्रत्येक पोस्टबरोबर अनुयायांच्या सर्व्हरना ती काढण्याचा निरोप पाठवावा लागतो. सर्व्हरवर ताण असेल तर फेरी सोडूनही दिली जाते. एका फेरीत ५ पोस्ट आणि दर मिनिटाला एक फेरी असे धरले, तरी ६,००० पोस्टना २० तास लागतात, आणि गर्दीच्या सर्व्हरवर कितीतरी जास्त. काम चालू आहे का हे पाहायचे तर प्रोफाइलवरील पोस्टची संख्या लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी ताडून पाहावी.

निरोप पोचला तरी दुसरा सर्व्हर तो पाळेलच, अशी हमी नाही. बंद पडलेला किंवा जोडणी तोडलेला सर्व्हर आपली प्रत तशीच ठेवू शकतो. शिवाय इतरांनी दिलेली उत्तरे जात नाहीत. मूळ पोस्ट गेल्यावर ती संदर्भाविना लटकत राहतात. म्हणून लांबलचक संभाषणांची मूळ पोस्ट आधीच बुकमार्क केलेली बरी.

खूण काढली की पुढचे काढणे थांबते, पण गेलेले परत येत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी Import and export मधून संग्रह मागवावा. तो दर ७ दिवसांतून एकदाच मागता येतो, त्यात पोस्ट `outbox.json` या फाइलमध्ये आणि सोबत चित्रे मिळतात. हा संग्रह वाचण्यापुरता आहे, त्यातून पोस्ट मॅस्टोडॉनवर परत चढवता येत नाहीत.