शतावरी लागवड (कोल्हापूर)

औषधी वनस्पतींची शेती करिअर म्हणून करायची म्हटलं की कोल्हापुरात बऱ्याचदा शतावरीचं नाव निघतं. बाळंतिणीच्या कल्पात, चूर्णात ती लागते, त्यामुळे आयुर्वेदिक कंपन्यांची मागणी असतेच. पण आपल्याकडचा माणूस उसाच्या हिशोबाने विचार करतो आणि तिथंच गणित चुकतं. ऊस ओला काट्यावर जातो, शतावरी वाळवून विकायची असते.

समजा दहा गुंठ्यातनं दीड-दोन वर्षांनी १००० किलो ओल्या मुळ्या निघाल्या, तर सोलून वाळवल्यावर हातात साधारण १०० किलोच राहतात, म्हणजे दहाला एक. त्यामुळे दर विचारताना 'ओला की सुका' हे आधी विचारायचं, नाहीतर ऐकलेला दर भारी वाटतो आणि हिशोब भलताच निघतो.

लागवड बेडवरच करावी, कारण शिरोळकडच्या भारी काळ्या रानात पाणी साचलं की मुळ्या कुजतात. खणणी उन्हाळ्याच्या तोंडाला, पानं पिवळी पडल्यावर. पावसाळ्यात काढली तर वाळवायची कुठं?

खरी मेहनत पुढं आहे. मुळ्या आधी वाहत्या पाण्यात धुवायच्या, मग थोडा वेळ उकळत्या पाण्यात टाकायच्या (गुऱ्हाळाची जुनी काहील असेल तर घासूनपुसून चालते), मग गरम असतानाच साल काढायची आणि मधली शीर ओढून टाकायची. गार झाली की साल चिकटते, आणि मजुरी तिथंच वाढते. जास्त उकळलं तर मूळ मऊ पडून आतला रस पाण्यात जातो. मग सावलीत जाळीवर किंवा ताडपत्रीवर वाळवायची, उघड्या जमिनीवर अजिबात नाही.

कारण खरेदीदार नमुना लॅबला पाठवतो. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकांच्या ग्रंथात, शतावरीचा नमुना जाळल्यावर उरणारी एकूण राख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि आम्लात न विरघळणारी राख ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ही दुसरी राख म्हणजे मुख्यतः माती आणि वाळू. म्हणजे १०० किलो मालात साधारण अर्धा किलो माती चिकटलेली असली तरी माल परत येऊ शकतो, आणि खळ्यावर वाळवलेल्या मालात तेवढी सहज येते. घरी अंदाज घ्यायचा तर मूळ मोडून बघा, नीट वाळलेलं कट्कन तुटतं, वाकलं तर ओल आहे आणि पोत्यात बुरशी येणार.

अजून एक, लागवडीआधी 'रोपं आमच्याकडनं घ्या, माल आम्हीच घेतो' म्हणणारे भेटतात. रोपाचे पैसे आधी घेतात, माल निघाला की फोन लागत नाही. आमच्या ओळखीत दोघं असे अडकले. करारात सुका दर, ओलाव्याची मर्यादा आणि लॅबचा खर्च कोणाचा हे लिहून घ्या. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतनं शतावरीची नोंदही करून ठेवा, जंगलातनं आणलेला माल नाही हे दाखवायला ती कामी येते.